एका सर्व्हरच्या अनेक प्रती

क्लाउडमधला सर्व्हर म्हणजे भाड्याने घेतलेली व्हर्च्युअल मशीन. पुरवठादाराच्या डेटा सेंटरमधल्या मोठ्या संगणकाचे प्रोसेसर आणि मेमरी तिच्या वाट्याला काही प्रमाणात येतात आणि तिला एक डिस्क जोडलेली असते. प्रोसेसर आणि मेमरी कुठूनही मिळू शकतात. मशीनचा वेगळेपणा असतो तो डिस्कवर. ऑपरेटिंग सिस्टिम, बसवलेली सॉफ्टवेअर, बदललेल्या सेटिंग, वेबसाइटचा कोड, पासवर्डच्या फाइल, लॉग, सगळे तिथेच असते. म्हणूनच नीट बसवून घेतलेल्या एका मशीनवरून तशाच आणखी मशीन उभ्या करायच्या असतील, तर तिच्या डिस्कची प्रत हाताशी असणे पुरते. या प्रतीला, सोबतच्या थोड्या माहितीसह, इमेज म्हणतात.

अ‍ॅमेझॉनने ईसी-टू ही व्हर्च्युअल मशीनची सेवा ऑगस्ट २००६ मध्ये चाचणी स्वरूपात सुरू केली, तेव्हापासून इमेज तिच्या केंद्रस्थानी आहे. तिथे कोणतीही मशीन इमेजवरूनच जन्माला येते. सुरुवातीला स्वतःची इमेज बनवणे कटकटीचे होते. डिस्कचा गठ्ठा बांधायचा, त्याचे तुकडे करायचे, ते साठवणसेवेत चढवायचे आणि मग नोंदणी करायची. डिसेंबर २००९ मध्ये मशीनपासून वेगळ्या ठेवता येणाऱ्या डिस्कवरून, म्हणजे ईबीएस व्हॉल्यूमवरून, मशीन सुरू करण्याची सोय आली आणि हे सगळे काम एका आज्ञेत मावले. इतर पुरवठादारांकडेही ही सोय आहे, नावे आणि बारकावे तेवढे वेगळे. पुढचे विवेचन ईसी-टूला धरून आहे. तिथल्या इमेजला एएमआय म्हणतात.

उदाहरण म्हणून दिवाळी अंकांची ऑनलाइन विक्री करणारी एक काल्पनिक वेबसाइट घेऊ. वर्षभर ती एका मशीनवर आरामात चालते. मशीन अ‍ॅमेझॉनच्या मुंबई विभागात आहे. हा विभाग जून २०१६ मध्ये सुरू झाला आणि आज्ञांमध्ये त्याचे नाव `ap-south-1` असे लिहितात. मशीनवर उबंटू २४.०४ आहे आणि तिला ३० जीबीची डिस्क आहे. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, पायथनमध्ये लिहिलेले दुकानाचे अ‍ॅप्लिकेशन आणि ऑर्डरी साठवणारा पोस्टग्रेस डेटाबेस, तिन्ही तिथेच नांदतात. शिवाय रोज सकाळी नऊला एक क्रॉन जॉब चालतो. पैसे भरायचे राहिलेल्या ग्राहकांना तो आठवणीचे ईमेल पाठवतो. नवरात्र संपताच गर्दी वाढणार आहे, त्यामुळे याच मशीनच्या आणखी तीन प्रती हव्या आहेत.

वरवर पाहता काम दोन आज्ञांचे आहे. पहिली इमेज बनवते.

```
aws ec2 create-image --region ap-south-1 \
  --instance-id i-0a1b2c3d4e5f67890 \
  --name "ank-web-v1"
```

उत्तरादाखल `ami-` ने सुरू होणारा एक क्रमांक मिळतो. इमेजची स्थिती आधी `pending` दिसते आणि काही वेळाने `available` होते. मग दुसरी आज्ञा द्यायची.

```
aws ec2 run-instances --region ap-south-1 \
  --image-id ami-0f1e2d3c4b5a69788 --count 3 \
  --instance-type t3.medium --key-name ank-key \
  --security-group-ids sg-0123456789abcdef0
```

थोड्याच वेळात तीन मशीन सुरू होतात आणि त्यांवर तीच वेबसाइट दिसते. पण आपल्या उदाहरणात एवढ्यावर थांबले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता प्रत्येक थकीत ग्राहकाला चार-चार ईमेल जातील. मधल्या वेळात पैसे भरून मोकळे झालेल्यांनाही ईमेल जातील, कारण तीन प्रतींना ती बातमी कळलेलीच नसेल. हे का होते ते कळण्यासाठी इमेजमध्ये नेमके काय जाते ते पाहिले पाहिजे.

`create-image` चालवल्यावर मशीनला जोडलेल्या प्रत्येक ईबीएस डिस्कचा स्नॅपशॉट घेतला जातो. स्नॅपशॉट म्हणजे एका क्षणी डिस्कच्या प्रत्येक ब्लॉकमध्ये जे होते त्याची नोंद. तो अ‍ॅमेझॉनच्या साठवणसेवेत जातो. एकाच डिस्कचा दुसरा स्नॅपशॉट घेतला, तर पहिल्यानंतर बदललेले ब्लॉकच नव्याने साठवले जातात. म्हणून पहिली इमेज तयार व्हायला बराच वेळ लागतो आणि पुढच्या लवकर होतात. एएमआय ही स्वतः डिस्कची प्रत नसते. ती एक नोंद असते. कोणता स्नॅपशॉट मूळ डिस्क म्हणून वापरायचा, डिस्क कोणत्या नावाने जोडायची, प्रोसेसर इंटेलच्या धाटणीचा आहे की एआरएमचा, इमेज कोणाला वापरता येईल, अशी माहिती तिच्यात असते. प्रोसेसरची धाटणी इमेजला चिकटलेली असल्यामुळे इंटेलवर घडवलेली इमेज स्वस्त पडणाऱ्या एआरएम मशीनवर चालवता येत नाही.

डिस्कच्या बाहेरचे काहीही इमेजमध्ये येत नाही. मेमरीत चाललेले काम येत नाही, म्हणजे प्रत मूळ मशीन जिथे थांबली तिथून पुढे सुरू होत नाही, ती पहिल्यापासून बूट होते. मशीनचा आयपी पत्ता, सिक्युरिटी ग्रुप म्हणजे तिच्याभोवतीची फायरवॉल, तिचा आकार आणि तिला दिलेले अधिकार हे सगळे प्रत सुरू करताना नव्याने सांगावे लागते. डिस्कचा आकार मात्र इमेजबरोबर येतो. प्रत सुरू करताना तो वाढवता येतो, ३० जीबीच्या खाली आणता येत नाही.

स्नॅपशॉट कोणत्या क्षणी घेतला जातो यालाही महत्त्व आहे. चालू मशीनवर डिस्कमध्ये लिहायच्या कितीतरी गोष्टी काही सेकंद मेमरीत थांबलेल्या असतात. त्याच वेळी स्नॅपशॉट घेतला, तर अचानक वीज गेलेल्या संगणकाची डिस्क जशी असते तशी प्रत मिळते. बहुतेक वेळा फाइल सिस्टिम आणि डेटाबेस त्यातून सावरतात, अधूनमधून अर्धवट लिहिलेली फाइल निघते. हे टाळण्यासाठी `create-image` एरवी मशीन रीबूट करते आणि मगच स्नॅपशॉट घेते. कोणाला न विचारता भरदुपारी इमेज काढायला घेतली आणि वेबसाइट दोन मिनिटे गायब झाली, असे घडण्याचे हेच कारण असते. आज्ञेला `--no-reboot` जोडले की रीबूट टळतो, पण प्रतीच्या निर्दोषपणाची हमीही त्याबरोबर जाते. मशीन आधीच बंद करून इमेज काढली, तर हा प्रश्नच उरत नाही. शक्य असेल तिथे तेच करावे.

आता प्रत पहिल्यांदा सुरू होते तेव्हा काय होते ते पाहू. ब्लॉक जसेच्या तसे उचललेले असल्याने डिस्कवर मूळ मशीनची ओळखही असते. तिचे नाव, तिच्या चाव्या, तिचे क्रमांक. यातला काही भाग आपोआप बदलला जातो आणि ते काम क्लाउड-इनिट नावाचा छोटा प्रोग्राम करतो. उबंटूच्या क्लाउड आवृत्तीत तो आधीपासून असतो. मशीन सुरू होताच तो `169.254.169.254` या आतल्या पत्त्यावर विचारणा करून स्वतःचा इन्स्टन्स क्रमांक मिळवतो आणि डिस्कवर लिहून ठेवलेल्या जुन्या क्रमांकाशी ताडून पाहतो. दोन्ही सारखे असले, तर हा नेहमीचा रीबूट आहे असे तो समजतो. वेगळे असले, तर आपण नव्या मशीनवर आहोत हे त्याला कळते. मग तो यजमान-नाव बदलतो, एसएसएचच्या जुन्या होस्ट चाव्या पुसून नव्या बनवतो, आज्ञेत दिलेली लॉगिनची सार्वजनिक चावी बसवतो आणि वाढीव डिस्क मागितली असेल तर फाइल सिस्टिमही ताणून मोठी करतो.

क्लाउड-इनिट ज्याला हात लावत नाही, ती यादी जास्त महत्त्वाची आहे. पहिली गोष्ट म्हणजे `/etc/machine-id` ही फाइल. तिच्यात ३२ अक्षरांचा एक क्रमांक असतो आणि लॉग गोळा करणारी किंवा देखरेख ठेवणारी अनेक सॉफ्टवेअर मशीन ओळखण्यासाठी तो वापरतात. चारही मशीनवर तो सारखाच राहिला, तर देखरेखीच्या पडद्यावर चारऐवजी एकच मशीन दिसते आणि तिचे आकडे विचित्र उड्या मारतात. एका क्षणी प्रोसेसर १० टक्के व्यग्र, पुढच्या क्षणी ९०. प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या मशीन असतात. अशी लक्षणे दिसली की आधी हा क्रमांक तपासावा.

दुसरी गोष्ट लॉगिनच्या चाव्या. क्लाउड-इनिट नवी चावी `authorized_keys` या फाइलमध्ये जोडतो, जुन्या काढत नाही. मूळ मशीनवर दोन वर्षांपूर्वी एखाद्या कंत्राटी प्रोग्रामरची चावी टाकलेली असली, तर त्याला सगळ्या प्रतींची दारे उघडी राहतात. नवी मशीन, नवी चावी, म्हणजे जुनी बाद झाली, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे.

तिसरी गोष्ट आयपी पत्ता, विशेषतः सेटिंगमध्ये कुणीतरी हाताने लिहून ठेवलेला. आपल्या मूळ मशीनचा आतला पत्ता `172.31.5.20` आहे आणि एनजिनएक्सच्या सेटिंगमध्ये तोच लिहिलेला आहे असे समजू. प्रतीचा पत्ता वेगळा असतो, त्यामुळे तिच्यावर एनजिनएक्स सुरूच होत नाही. लॉगमध्ये अशी ओळ मिळते.

```
bind() to 172.31.5.20:80 failed (99: Cannot assign requested address)
```

उपाय सोपा आहे. `listen 172.31.5.20:80` च्या जागी नुसते `listen 80` लिहायचे. मात्र ही दुरुस्ती इमेज काढण्याआधीच व्हायला हवी, नाहीतर ती प्रत्येक प्रतीवर वेगळी करत बसावी लागते.

राहिला डेटाबेस आणि क्रॉन जॉब. हे दोन्ही फाइलच आहेत, म्हणून तेही निमूटपणे नकलले जातात. प्रत सुरू झाली की तिच्यावरचा पोस्टग्रेस इमेज काढल्याच्या क्षणापर्यंतच्या ऑर्डरी घेऊन उभा राहतो आणि तिथून स्वतःच्या वाटेने जातो. एखाद्याने पहिल्या मशीनवर नोंदवलेली ऑर्डर दुसरीला दिसत नाही. ग्राहक पान पुन्हा उघडतो, तेव्हा लोड बॅलन्सर त्याला भलत्याच मशीनकडे पाठवतो आणि त्याची ऑर्डर गायब झालेली असते. कधी आहे, कधी नाही, अशी तक्रार आली, तर बहुधा मागे एकमेकांपासून फुटलेले डेटाबेस असतात. हे मागाहून जुळवणे फार त्रासाचे आहे, कारण चारही ठिकाणी १०५१ क्रमांकाची ऑर्डर असते आणि ती चार वेगवेगळ्या ग्राहकांची असते.

म्हणून प्रती काढण्याआधी मशीनचे कामच वाटून घ्यावे लागते. जे सगळ्यांना मिळून एकच हवे ते बाहेर काढायचे, जे प्रत्येकाकडे सारखे चालेल ते आत ठेवायचे. आपल्या दुकानासाठी रात्री उशिराची वेळ निवडलेली बरी. वेबसाइट थोडा वेळ बंद करून `pg_dump` ने डेटाबेसची निर्यात करायची आणि ती वेगळ्या डेटाबेस सर्व्हरवर भरायची. अ‍ॅप्लिकेशनच्या सेटिंगमध्ये नवा पत्ता देऊन एखादी चाचणी ऑर्डर टाकून पाहायची आणि मशीनवरचा पोस्टग्रेस बंद करून टाकायचा. अंकांच्या मुखपृष्ठांची चित्रे मशीनच्या डिस्कवर चढवली जात असतील, तर तीही सामायिक साठवणसेवेत न्यावी लागतात. मूळ मशीन अजून एकटीच आहे, पण आता तिच्या पोटात स्वतःचे असे काही उरलेले नाही. या स्थितीत एक-दोन दिवस दुकान सुरळीत चालू द्यावे आणि मगच पुढे जावे.

यानंतरची पायरी घाईत गाळली जाते. इमेज थेट मूळ मशीनवरून काढण्याऐवजी आधी तिची एक कामापुरती प्रत काढावी, साफसफाई त्या प्रतीवर करावी आणि खरी इमेज तिच्यावरून घ्यावी. साफसफाई म्हणजे पुसापुशी. चालत्या दुकानाच्या मशीनवर ती करताना भलतीच फाइल उडाली, तर परत मिळायची नाही. कामापुरती प्रत बिघडली, तर टाकून देऊन दुसरी काढता येते.

पण ही प्रतही नऊ वाजले की ईमेल पाठवेलच. तिला अडवण्याचा नेटका मार्ग असा आहे. एक वेगळा सिक्युरिटी ग्रुप बनवायचा, त्यात आत येण्यासाठी फक्त आपल्या पत्त्यावरून एसएसएच मोकळे ठेवायचे आणि बाहेर जाण्याचा प्रत्येक नियम काढून टाकायचा. सिक्युरिटी ग्रुप आलेल्या जोडणीची आठवण ठेवतो, त्यामुळे आपण आत लॉगिन करून काम करू शकतो. मशीनला मात्र स्वतःहून बाहेर एकही जोडणी करता येत नाही. क्लाउड-इनिटला लागणारा आतला पत्ता या नियमांच्या कक्षेबाहेर आहे, तेव्हा त्याचे कामही अडत नाही.

या कोंडलेल्या प्रतीवर मग सफाई करायची. आठवणीच्या ईमेलची क्रॉनची फाइल काढायची, कारण हे काम चौघांपैकी एकीनेच करायचे आहे आणि ते मूळ मशीनकडेच राहील. जुन्या डेटाबेसच्या फाइल, लॉग आणि टर्मिनलवर टंकलेल्या आज्ञांचा इतिहास पुसायचा. इतिहासात पासवर्ड सापडणे ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. शेवटी ओळखीच्या खुणा.

```
sudo cloud-init clean --logs
sudo truncate -s 0 /etc/machine-id
sudo rm -f /root/.ssh/authorized_keys
rm -f /home/ubuntu/.ssh/authorized_keys
sudo shutdown -h now
```

पहिल्या ओळीने क्लाउड-इनिटच्या जुन्या नोंदी जातात. ईसी-टूवर तो नवी मशीन तशीही ओळखतो, म्हणून ही ओळ सक्तीची नाही, पण जुने लॉग प्रतीत राहिले तर पुढे तपास करताना गोंधळ उडतो. दुसऱ्या ओळीत फाइल रिकामी केली आहे, काढून टाकलेली नाही. रिकामी फाइल दिसली की उबंटू पुढच्या बूटला नवा क्रमांक तयार करून तिच्यात लिहितो. चाव्या पुसल्यावर चालू लॉगिन तुटत नाही, पण पुन्हा आत येता येत नाही. म्हणून या ओळी अगदी शेवटी. मशीन बंद झाली की तिच्यावरून `create-image` चालवायची आणि इमेज `available` झाल्यावर कामापुरती मशीन आणि तिच्यासाठी काढलेली पहिली इमेज दोन्ही मोडीत काढायच्या.

पुसलेले खरोखर गेले का, हा प्रश्न इथे उभा राहतो आणि त्याचे उत्तर गैरसोयीचे आहे. फाइल पुसली म्हणजे फाइल सिस्टिमच्या यादीतून तिचे नाव जाते. तिचा मजकूर ज्या ब्लॉकमध्ये होता ते ब्लॉक दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसेच राहतात, आणि स्नॅपशॉट ब्लॉक उचलतो, फाइल नव्हे. २०१२ मध्ये युरेकॉम आणि नॉर्थईस्टर्न विद्यापीठ यांच्याशी संबंधित संशोधकांनी ईसी-टूवर सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या पाच हजारांहून अधिक इमेज तपासल्याचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांना विसरलेल्या खासगी चाव्या आणि आज्ञांचे इतिहास तर मिळालेच, शिवाय पुसलेल्या फाइलही परत मिळवता आल्या. आपल्या दुकानाच्या इमेजमध्ये ग्राहकांचे पत्ते आणि फोन नंबर असे सुप्तपणे राहतील. इमेज आपल्याच खात्यात आणि एन्क्रिप्ट करून ठेवायची असेल, तर तेवढी जोखीम चालण्यासारखी आहे. ती दुसऱ्या कोणाला द्यायची असेल, तर मात्र हा रस्ता सोडावा आणि कोऱ्या उबंटूवर सगळे नव्याने बसवून त्याची इमेज काढावी. पॅकरसारखी साधने ही बसवणी लिहून ठेवलेल्या कृतीनुसार आपोआप करतात. खरे तर नियमित प्रती लागणाऱ्या कोणालाही शेवटी तिकडेच वळावे लागते, कारण हाताने घडवलेल्या मशीनमध्ये नेमके काय-काय आहे हे दोन वर्षांनी कोणालाच सांगता येत नाही.

सगळ्या प्रतींवर जाणूनबुजून सारख्या ठेवायच्या गोष्टीही असतात. ग्राहकाने लॉगिन केले की अ‍ॅप्लिकेशन त्याच्या ब्राउझरला एक कुकी देते आणि तिच्यावर गुप्त किल्लीने सही करते. प्रत्येक मशीनची किल्ली वेगळी असेल, तर एकीने सही केलेली कुकी दुसरी नाकारते आणि ग्राहक पुन्हा-पुन्हा लॉगिनच्या पानावर फेकला जातो. अ‍ॅप्लिकेशन सुरू होताना दरवेळी नवी किल्ली बनवत असेल, तर एका मशीनवर हे कधी जाणवत नाही, दुसरी आली की लगेच जाणवते. किल्ली सारखी हवी, पण ती इमेजमध्ये कोरून ठेवणेही बरे नाही. ती आणि डेटाबेसचा पासवर्ड एका सुरक्षित ठिकाणी ठेवून प्रत्येक प्रतीने सुरू होताना तिथून आणावेत. ते आणण्याचा अधिकार मशीनला सुरू करतानाच द्यायचा असतो.

आता प्रती काढायला हरकत नाही. `--count 3` ची आज्ञा एकदाच दिली, तर तिन्ही मशीन सहसा एकाच अव्हेलेबिलिटी झोनमध्ये, म्हणजे विभागातल्या डेटा सेंटरच्या एकाच गटात, उभ्या राहतात. मुंबई विभागात असे तीन झोन आहेत. एका गटाची वीज गेली तरी दुकान चालू राहावे असे वाटत असेल, तर `--count 1` आणि वेगवेगळ्या झोनचे सबनेट देऊन आज्ञा तीनदा चालवावी. मशीन उभ्या राहिल्या की त्यांतल्या दोनवर लॉगिन करून पुढच्या ओळी चालवायच्या आणि उत्तरे शेजारी ठेवून पाहायची.

```
hostname
cat /etc/machine-id
ssh-keygen -lf /etc/ssh/ssh_host_ed25519_key.pub
systemctl --failed
```

पहिल्या तिन्हींची उत्तरे दोन मशीनवर वेगळी यायला हवीत आणि चौथीची यादी रिकामी. यापैकी काही सारखे आले, तर लोड बॅलन्सरला मशीन जोडण्याआधीच ते कळलेले बरे. लॉगिनच होत नसेल, तर `aws ec2 get-console-output` ही आज्ञा बूट होताना पडद्यावर उमटलेला मजकूर दाखवते. मशीन कुठे अडकली ते बहुतेक वेळा त्यात दिसते.

नव्या प्रती पहिल्या काही मिनिटांत संथ वाटतात. त्यात बिघाड नसतो. प्रतीला ३० जीबीची डिस्क लगेच मिळते, पण स्नॅपशॉटमधला मजकूर तिच्यावर आलेला नसतो. जो ब्लॉक पहिल्यांदा वाचला जातो तो त्या वेळी साठवणसेवेतून आणला जातो. घर बदलल्यावर सामान जुन्या घरीच ठेवून लागेल तशी एकेक वस्तू आणावी, तसा हा प्रकार आहे. मशीन मिनिटभरात सुरू होते ती यामुळेच आणि तिच्यावर पहिल्यांदा उघडलेले पान रेंगाळते तेही यामुळेच. एकदा आलेला ब्लॉक पुढे पूर्ण वेगाने मिळतो. गर्दी सुरू व्हायच्या आधी सगळी डिस्क एकदा वाचून काढली, तर ग्राहकांना हा संथपणा जाणवत नाही.

```
sudo dd if=/dev/nvme0n1 of=/dev/null bs=1M
```

डिस्कचे नाव आधी `lsblk` ने पाहून घ्यावे. `of=` पुढे `/dev/null` च आहे ना, हे दोनदा तपासावे, कारण तिथे डिस्कचे नाव पडले तर ही आज्ञा वाचण्याऐवजी डिस्कवर लिहू लागते. जास्तीचे पैसे मोजून स्नॅपशॉटच असा तयार ठेवता येतो की डिस्क पहिल्यापासून पूर्ण वेगाने चालते. पण तीन मशीनसाठी तो खर्च उगाच आहे. गर्दी पाहून दिवसातून अनेकदा प्रती आपोआप वाढवणाऱ्या मोठ्या सेवांना तो परवडतो.

इमेज ज्या विभागात बनली तिथलीच असते. हैदराबाद विभागात प्रत हवी असेल, तर आधी `copy-image` ने इमेज तिकडे न्यावी लागते आणि तिथे तिला नवा क्रमांक मिळतो. मुंबईचा क्रमांक हैदराबादच्या आज्ञेत टाकला, तर `InvalidAMIID.NotFound` असे उत्तर येते. इमेज उडाली की काय, या शंकेने धडकी भरते, पण ती आपल्या जागी सुखरूप असते.

इमेज गोठलेली असते, ही तिची मोठी मर्यादा. ती काढल्यानंतर मूळ मशीनवर बसवलेले सुरक्षेचे अपडेट किंवा कोडमधली दुरुस्ती तिच्यात येत नाही. सप्टेंबरची इमेज ऑक्टोबरच्या शेवटी वापरली, तर जन्मलेली मशीन सप्टेंबरचीच असते, तेव्हाच्या त्रुटींसह. त्यामुळे दर बदलानंतर नवी इमेज काढून `ank-web-v2`, `ank-web-v3` अशी नावे देत जावे. एका खात्यात आणि एका विभागात एक नाव दोन इमेजना देता येत नाही, तेव्हा नावात क्रमांक किंवा तारीख घालण्याची सवय आपोआप लागते. चालू प्रतींवर हाताने केलेल्या किरकोळ दुरुस्त्या हा याच्या उलटा रोग आहे. एका प्रतीवर एक सेटिंग बदलले, दुसरीवर विसरले, की महिन्याभरात चार मशीन चार प्रकारच्या होतात आणि चौथ्या भागाच्या ग्राहकांनाच दिसणारा दोष शोधण्यात रात्र जाते. बदल इमेजमध्ये करायचा आणि जुन्या प्रती टाकून नव्या उभ्या करायच्या, हा नियम कडक वाटला तरी स्वस्त पडतो.

गर्दी ओसरल्यावर प्रती मोडीत काढल्या की त्यांच्या मूळ डिस्कही एरवी त्यांच्यासोबत पुसल्या जातात आणि त्यांचे भाडे थांबते. इमेजचे भाडे असे आपोआप थांबत नाही. पैसे लागतात ते स्नॅपशॉटच्या साठवणीचे, आणि इमेजची नोंदणी रद्द केली तरी स्नॅपशॉट वेगळे पुसायला सांगेपर्यंत तसेच राहतात. उलट्या क्रमाने गेले, म्हणजे इमेज ठेवून आधी स्नॅपशॉट पुसायला घेतला, तर `InvalidSnapshot.InUse` असा नकार येतो. नोंदणी रद्द केल्याने त्या इमेजवरून चाललेल्या मशीनना धक्का लागत नाही, कारण त्यांच्या डिस्क त्यांच्या स्वतःच्या असतात. पण आपोआप प्रती वाढवणाऱ्या एखाद्या योजनेत तोच जुना क्रमांक लिहिलेला राहिला, तर पुढच्या वेळी मशीनची गरज पडेल तेव्हा ती सुरू होत नाही. म्हणून इमेज काढून टाकण्याआधी तिचा क्रमांक कुठे-कुठे वापरला आहे ते शोधून तिथे नवा घालावा लागतो.